३७२ अधिक २१८ बरोबर ७७३!

लॅबच्या टेबलावर तीन तुकडे उभे आहेत, असं समजा. पहिला आहे रिकामा स्टीलचा गोल पाइप. बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, भिंत साडेचार मिलिमीटर जाड, उंची ३४० मिलिमीटर. दुसरा आहे नुसत्या काँक्रीटचा गोल ठोकळा, बरोबर त्या पाइपात बसेल एवढा. तिसऱ्यात पाइपही तोच आणि काँक्रीटही तेच, पण काँक्रीट पाइपात ओतलेलं.

आता तिघांनाही एकेक करून मशीनखाली ठेवायचं आणि वरून दाबायचं. कोण किती भार घेईल?

पहिल्या दोघांचं उत्तर सोपं आहे. पाइपच्या भिंतीचं क्षेत्रफळ येतं १५५२ चौरस मिलिमीटर. हे स्टील दर चौरस मिलिमीटरला २४० न्यूटनवर यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं, असं धरू. गुणाकार केला की ३७२ किलोन्यूटन. काँक्रीटचं क्षेत्रफळ ८७०९ चौरस मिलिमीटर आणि ताकद २५ न्यूटन, म्हणजे २१८ किलोन्यूटन. बारावीतल्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे.

मग तिसरा तुकडा? दोघांची बेरीज, ५९०. बरोबर ना?

नाही. युरोपात वापरला जाणारा युरोकोड ४ या तुकड्याला ७७३ किलोन्यूटन देतो. बेरजेपेक्षा १८३ किलोन्यूटन जास्त. टनात सांगायचं तर अठरा टनांहून जास्त भार. कुठून आला हा? स्टील वाढवलेलं नाही, सिमेंट वाढवलेलं नाही. आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हा जास्तीचा भार कधी मिळतो आणि कधी मिळत नाही? कारण याच पाइपचा तीन मीटरचा खांब उभा केलात, तर तो ५९०सुद्धा घेणार नाही. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कोणता आकडा जाणार, यावर बरंच काही अवलंबून आहे. तेव्हा जरा नीट बघू.

गव्हाचं पोतं

जमिनीवर गव्हाची रास ओता आणि तिच्यावर उभे राहा. पाय आत जाईल, गहू चहूबाजूंनी पसरतील. आता तेच गहू पोत्यात भरा. बाजार समितीत अशा पोत्यांची थप्पी माणसाच्या डोक्याच्या वर जाते आणि तळातलं पोतं मुकाट्याने सगळं वजन सोसतं. पोत्याचं कापड वरचा भार घेत नाही. उभं धरलं तर ते स्वतःचंही वजन पेलू शकत नाही. त्याचं काम एकच, गव्हाला बाजूला पळू न देणं.

काँक्रीटचं मरणही असंच बाजूला पळण्यातून येतं. वरून दाबलं की ते आडवं फुगतं, आत उभ्या बारीक भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि ठोकळा फुटतो. भोवती घट्ट कडं असेल तर भेगा उघडायला जागाच मिळत नाही. इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये काँक्रीटच्या सिलिंडरवर बाजूने द्रवाचा दाब देऊन हे मोजलं. त्यांना आढळलं की बाजूने एक एकक दाब दिला, तर उभी ताकद साधारण चार एककांनी वाढते. नेमका गुणक त्यांनी ४.१ दिला. आजही इंजिनीअर हा गुणक वापरतात.

पण पोत्याची उपमा इथे थोडी अपुरी पडते. आपला पाइप नुसतं कापड नाही, तो स्वतःही वरचा भार घेतोय. खरी गंमत त्यामुळेच आहे.

आधी दोघं एकमेकांपासून दूर जातात

बऱ्याच जणांना वाटतं की भार पडल्या क्षणापासून पाइप काँक्रीटला आवळून धरतो. प्रत्यक्षात सुरुवातीला उलटं घडतं.

कुठलीही वस्तू उभी दाबली की ती आडवी जाड होते. किती, हे पॉइसन रेशो सांगतो. स्टीलसाठी तो साधारण ०.३, काँक्रीटसाठी सुरुवातीला ०.२ च्या आसपास. पाइप आणि काँक्रीट एकाच प्लेटखाली आहेत, म्हणजे दोघांची उंची सारखीच कमी होतेय. पण त्यात पाइप जास्त फुगतो आणि काँक्रीट कमी. म्हणजे पाइप काँक्रीटपासून सुटू पाहतो! या टप्प्यात आवळणं शून्य. दोघं शेजारी शेजारी उभे राहून आपापला वाटा उचलतात, बस्स.

मग भार वाढत जातो. या स्टीलचा यील्ड उंचीच्या सुमारे ०.१२ टक्के आकुंचनाला येतो. काँक्रीट आपल्या कमाल ताकदीपर्यंत पोचायला साधारण ०.२ टक्के लागतात. या दरम्यान काँक्रीटच्या आतल्या भेगा वाढू लागतात आणि त्याचं आडवं फुगणं भराभर वाढतं. ते स्टीलला मागे टाकतं, पाइपच्या भिंतीला टेकतं आणि बाहेर ढकलायला लागतं. आता पाइप त्याला परत आत दाबतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत यालाच कन्फाइनमेंट म्हणतात.

म्हणजे कन्फाइनमेंट ही शेवटच्या टप्प्यातली मदत आहे. काँक्रीट मोडायला लागल्याशिवाय ती येतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तीन मीटरच्या खांबाचं कोडं त्यानेच सुटणार आहे.

स्टील हरतं, खांब जिंकतो

काँक्रीटला आवळताना पाइपच्या भिंतीत वर्तुळाकार ताण येतो, बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या धावेत येतो तसा. याला हूप स्ट्रेस म्हणतात. आता पाइपच्या भिंतीचा एक छोटा चौकोन डोळ्यांसमोर आणा. तो वरून दाबला जातोय आणि आडवा ताणला जातोय. दोन्ही क्रिया त्याला एकाच आकाराकडे नेतात, बुटका आणि रुंद. दोन्ही जोर एकाच बाजूला लागल्यामुळे स्टील लवकर यील्ड होतं. मेकॅनिक्सच्या पेपरात पाठ केलेला व्हॉन मिसेसचा नियम हेच सांगतो.

याचा अर्थ, काँक्रीटला आवळण्यासाठी स्टीलला स्वतःच्या उभ्या ताकदीतला काही भाग सोडावा लागतो. स्टीलचा तोटा, काँक्रीटचा फायदा. प्रश्न एवढाच की सौदा परवडतो का?

युरोकोड ४ चं गोल पाइपसाठीचं सूत्र हा सौदा उघड मांडतं:

```
N  = ηa·As·fy + Ac·fck·[1 + ηc·(t/D)·(fy/fck)]
ηa = 0.25·(3 + 2λ)            (≤ 1)
ηc = 4.9 − 18.5·λ + 17·λ²     (≥ 0)
```

पहिलं पद स्टीलचं, दुसरं काँक्रीटचं. λ म्हणजे खांब किती सडपातळ आहे याचं माप. बेरजेवरून आलेला भार आणि आयलरच्या सूत्राने येणारा बकलिंगचा भार यांच्या गुणोत्तराचं ते वर्गमूळ आहे. बुटक्या खांबाचं λ शून्याजवळ असतं. आपल्या ३४० मिलिमीटरच्या तुकड्यासाठी ते ०.११ च्या आसपास येतं. त्यावरून ηa मिळतो ०.८०, आणि ηc ३.१२.

आता हिशेब. स्टीलचे ३७२ किलोन्यूटन घसरून २९९ वर आले. म्हणजे ७३ चा तोटा. काँक्रीटचे २१८ वाढून ४७४ झाले. म्हणजे २५६ चा फायदा. बेरीज ७७३. सौदा चांगलाच परवडला!

सूत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसेल, तर एक उलटतपासणी करू. काँक्रीटची ताकद २५६ किलोन्यूटनने वाढली, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २९.४ न्यूटन. रिचर्टच्या ४.१ ने भागा. बाजूचा दाब आला सुमारे ७.२ न्यूटन, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तीसपटीहून जास्त. हा दाब धरून ठेवायला पाइपच्या भिंतीत किती हूप ताण लागेल? पाइप मधोमध उभा चिरला अशी कल्पना करा. आतला दाब दोन्ही अर्ध्यांना दूर ढकलतोय आणि दोन बाजूंच्या भिंती त्यांना धरून आहेत. दाब गुणिले आतला व्यास, भागिले दोन्ही भिंतींची मिळून जाडी. ७.२ गुणिले १०५.३, भागिले ९. उत्तर येतं ८४.

आता व्हॉन मिसेसला विचारा, की ८४ न्यूटन आडवा ताण असताना २४० च्या स्टीलकडे उभं दाबायला किती उरतं? उत्तर १८७. म्हणजे मूळच्या ७८ टक्के. कोड म्हणत होता ८० टक्के. कोडने काँक्रीटला दिलेल्या वाढीपासून आपण निघालो, जुन्या प्रयोगातून आणि मेकॅनिक्सच्या साध्या नियमांतून गेलो आणि कोडनेच स्टीलला लावलेल्या कपातीच्या शेजारी येऊन पोचलो. सूत्रातले ४.९ आणि १८.५ हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत, एवढं तरी यातून पटतं.

पाइपलाही काँक्रीटचा एक उपयोग होतो. रिकाम्या पाइपची भिंत आत किंवा बाहेर, कुठेही मुडपू शकते. भरलेल्या पाइपची भिंत फक्त बाहेर फुगू शकते, आतली वाट बंद असते. त्यामुळे पातळ भिंतीचा पाइपही अकाली चुरमडत नाही. आपला पाइप तसा जाडच आहे, व्यास जाडीच्या पंचवीसपट. २३५ च्या स्टीलसाठी युरोकोड ४ भरलेल्या गोल पाइपला हे प्रमाण ९० पर्यंत चालवून घेतो.

तीन मीटरवर काय होतं?

इथे खरा धोका आहे. समजा, तुमच्या ग्रुपने ३४० मिलिमीटरचा तुकडा फोडला, मशीनने ७७० च्या आसपास आकडा दाखवला आणि कुणीतरी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं, ‘हा कॉलम ७७ टन घेतो.’ ते वाचून कुणी त्याच पाइपचे तीन मीटर उंचीचे खांब उभे केले तर?

गणित पुन्हा करू. दोन्ही टोकं बिजागरीसारखी फिरू शकतात असं धरलं, तर तीन मीटरच्या भरलेल्या पाइपचा आयलरचा भार येतो ६६३ किलोन्यूटन. λ होतं ०.९४. ही किंमत ०.५ च्या वर गेली की कोड कन्फाइनमेंटचा फायदा पूर्ण काढून घेतो. मग उरते ५९० ची साधी बेरीज आणि तिलाही बकलिंगची कपात लागते, सुमारे ३० टक्के. हाती राहतात ४१६ किलोन्यूटन.

७७३ आणि ४१६. पाइप तोच, काँक्रीट तेच, फक्त उंची बदलली. रिपोर्टमधला आकडा जवळपास दुप्पट फुगलेला निघाला.

असं का, याचं उत्तर मघाच्या वाक्यात आहे. आवळणं शेवटच्या टप्प्यात येतं, काँक्रीट मोडायला लागल्यावर. सडपातळ खांब तिथवर पोचतच नाही. तो त्याआधीच बाजूला लचकतो. म्हणजे मदत यायच्या आधीच खेळ संपतो.

आपल्या पाइपसाठी ही सीमारेषा काढता येते. λ बरोबर ०.५ ठेवलं, तर उंची येते सुमारे १.६ मीटर. म्हणजे व्यासाच्या चौदापट. तिथे ηc जवळपास शून्य होतो, ηa एक होतो आणि सूत्र आपोआप साध्या बेरजेवर परत येतं. त्याहून उंच खांबात कन्फाइनमेंट विसरा.

मग उंच खांबात काँक्रीट भरायचंच कशाला? भरायचं, कारण त्याचा फायदा संपत नाही, फक्त रूप बदलतं. तोच तीन मीटरचा पाइप रिकामा असता, तर बकलिंग धरून २९० किलोन्यूटनवर थांबला असता. काँक्रीटने त्याला ताठपणा दिला, क्षेत्रफळ दिलं आणि ४१६ पर्यंत नेलं. हा फायदा खरा आहे. फक्त तो ७७३ नाही.

अजून दोन ठिकाणी बोनस असाच गळतो. एक, भार मधोमध नसेल तर. भार केंद्रापासून व्यासाच्या एक दशांश सरकला, आपल्या पाइपसाठी म्हणजे जेमतेम ११ मिलिमीटर, की युरोकोड ४ कन्फाइनमेंट शून्य धरतो. खांबाच्या बाजूला ब्रॅकेट वेल्ड करून त्यावर तुळई ठेवली, तर तेवढं सरकणं सहज होतं. आणि मग वाकण्याचा हिशेबही वेगळा करावा लागतो. दोन, पाइप चौकोनी असेल तर. गोल भिंत सगळीकडून सारखी ताणली जाते. चौकोनाच्या सपाट भिंती मात्र काँक्रीट ढकलायला लागलं की मधेच बाहेर वाकतात आणि खरं आवळणं कोपऱ्यांपुरतं उरतं. कोड चौकोनी पाइपला साधी बेरीजच देतो. दिसायला चौकोनी खांब भिंतीत छान बसतो, तुळई जोडायलाही सोपा, पण त्याची ही किंमत आहे.

मशीनवर फसवणारे आकडे

आता समजा, तुम्ही खरंच हा प्रयोग करणार आहात. मिनी-प्रोजेक्टसाठी तो उत्तम आहे, कारण हजार किलोन्यूटनच्या यूटीएमवर हा तुकडा बसतो. पण तीन जागी हमखास घोळ होतो.

पहिला घोळ पाइपच्या तोंडाशी. काँक्रीट ओतल्यावर वरचं पाणी उडतं, काँक्रीट थोडं बसतं आणि पाइपच्या कडेपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर खाली जातं. डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही. पण ३४० मिलिमीटर उंचीत ०.१२ टक्के आकुंचन म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर. म्हणजे मशीनची प्लेट काँक्रीटला टेकायच्या आधी पाइप एकटाच यील्ड होऊन जातो. भार ३७० च्या आसपास आलेख सपाट झाला आणि मग पुन्हा वर चढायला लागला, तर समजा की हेच झालंय. टोकाशी पाइपला हत्तीच्या पायासारखं कडं आलं तर शंकाच नको. उपाय सोपा आहे. काँक्रीट कडेच्या किंचित वर ठेवा आणि २८ दिवसांनी स्टीलसकट घासून सपाट करा. फार खाली गेलं असेल तर वरून कडक कॅपिंग घाला. स्टीलची पट्टी तोंडावर आडवी धरून पलीकडे बॅटरीचा उजेड टाका. खालून उजेड दिसला तर पुन्हा घासा.

दुसरा घोळ आकड्यांचा. सूत्रातली काँक्रीटची ताकद सिलिंडरची आहे आणि आपल्याकडे फोडतात क्यूब. एम ३० च्या क्यूबने ३० दाखवले, तर सिलिंडरचे साधारण २५ धरायचे. इथे थेट ३० घातले, तर नुसत्या काँक्रीटचेच २१८ ऐवजी २६१ किलोन्यूटन होतात. स्टीलचं याच्या उलट आहे. पाइपवर २४० लिहिलंय म्हणजे तो किमान २४० आहे. प्रत्यक्षात त्याच पाइपची पट्टी कापून ओढून पाहिली, तर ३०० सुद्धा निघू शकतात. ३०० घातले तर सूत्र ७७३ ऐवजी ९०० च्या आसपास जातं. म्हणजे मशीनने ८५० दाखवले म्हणून ‘आमचं कन्फाइनमेंट कोडपेक्षा भारी’ असं लिहायची घाई नको. आधी पाइपच्या त्याच लांबीतून एक पट्टी कापून टेन्साइल टेस्ट करा.

तिसरा घोळ न दिसणारा आहे, आत राहिलेली पोकळी. काँक्रीट ओतताना हवा अडकली किंवा वाळताना ते आकसून भिंतीपासून सुटलं, तर आवळायला काही उरतच नाही. पाइपवर हलक्या हातोडीने टकटक करत फिरा. भरीव जागी आवाज ठस्स येतो, पोकळ जागी वाजतो. तुकडा लहान असेल तर हे पुरतं. मोठ्या कामावर अल्ट्रासाउंडने तपासतात.

मोठं काम म्हणजे किती मोठं? चीनच्या ग्वांगशी प्रांतातला पिंगनानचा तिसरा पूल घ्या. २०२० मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलाची कमान ५७५ मीटरची आहे आणि ती अशाच काँक्रीट भरलेल्या स्टीलच्या नळ्यांची आहे. कमानीच्या नळीत वरून ओतून भागत नाही. काँक्रीट खालच्या टोकातून पंपाने वर चढवावं लागतं. हवा अडकायची सगळ्यात मोठी भीती माथ्याशी. म्हणून तिथे नळीतली हवा पंपाने ओढून घेत काँक्रीट भरलं. आकसून भिंत सोडणार नाही असं मिश्रणही खास बनवलं. आपल्या टेबलावरच्या तुकड्यात हातोडीने जे ऐकायचं, तीच काळजी तिथे शेकडो मीटरवर घेतली गेली.

आवळणं डोळ्यांनी बघायचंय?

एक सोपी युक्ती आहे. टेस्टच्या आधी पाइपला बाहेरून चुन्याचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. स्टील यील्ड होऊ लागलं की चुना तिरप्या रेषांत तडकून गळायला लागतो. आवाज नाही, स्फोट नाही, नुसती पांढरी भुकटी खाली पडते. आलेखावरची रेषा त्याच सुमारास वाकायला लागलेली दिसेल.

स्ट्रेन गेज असतील तर पाइपच्या मध्यावर दोन लावा, एक उभा आणि एक आडवा. दोन्हींचं गुणोत्तर काढत राहा. सुरुवातीला ते ०.३ च्या आसपास राहील. पाइप एकटाच फुगतोय. मग ते वाढत जाईल. स्टील यील्ड झाल्यावर स्वतःहून ०.५ पर्यंत जाऊ शकतं. गुणोत्तर त्याच्याही वर गेलं, की समजायचं आतून कुणीतरी ढकलतंय. काँक्रीट भिंतीला भिडलं!

टेस्ट झाल्यावर पाइप उभा कापून बघा. नुसता काँक्रीटचा ठोकळा फुटला तेव्हा त्याचे तुकडे टेबलभर उडाले होते. इथे आतलं काँक्रीट भेगांनी भरलेलं, कुठे कुठे चुरा झालेलं सापडेल, पण पाइपच्या फुगवट्याचा आकार घेऊन जागेवर बसलेलं. अशा अवस्थेतही ते भार घेत होतं. म्हणूनच या खांबाचा आलेख कमाल भारानंतर कोसळत नाही, बराच वेळ वर तरंगत राहतो. भूकंपाच्या प्रदेशात हे खांब आवडतात ते याच गुणामुळे.

आणि शेवटी रिपोर्ट. त्यात तीन आकडे लिहा, एक नाही. ५९०, साधी बेरीज. ७७३, बुटक्या, गोल, मधोमध भार असलेल्या तुकड्याचा. ४१६, त्याच पाइपच्या तीन मीटर उंच खांबाचा. प्रत्येकाच्या शेजारी उंची लिहा. आणि खाली एक ओळ टाका, की हे आकडे मशीनसाठी आहेत, ड्रॉइंगसाठी नाहीत. खरा खांब डिझाइन करताना काँक्रीटची ताकद आधी दीडने भागतात, स्टीलवरही कोड सांगेल ती कपात करतात.

व्हायवाला सरांनी विचारलं, ‘कॉलम किती भार घेतो?’ तर लगेच आकडा सांगू नका. आधी विचारा, ‘सर, उंची किती?’